२३० म्हणजे नक्की कुठले २३०, आणि साइनच्या वर्गाची सरासरी अर्धीच का

प्रश्न: सर, मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मीटर २३० दाखवतं, पुस्तकात पीक ३२५ लिहिलंय आणि मधे रूट दोनने भागायला सांगतात. वर्ग कशाला करायचा, नुसतं मायनसचं चिन्ह काढून सरासरी घेतली तर काय बिघडतं? आणि साइनच्या वर्गाची सरासरी बरोबर अर्धीच कशी? इंटिग्रेशन करता येतं, उत्तरही येतं, पण पटत नाही.

उत्तर:

इंटिग्रेशन थोडा वेळ बाजूला ठेव, आपण आधी बादलीभर पाणी तापवू. मी हे सगळ्या मुलांना पाण्याच्या रॉडवरच शिकवतो, कारण आरएमएस, म्हणजे मीटर दाखवतं ते २३०, ही गोष्ट मुळात उष्णतेची आहे आणि व्होल्टेजच्या आलेखाकडे कितीही वेळ बघत बसलं तरी ती त्यात दिसत नाही.

१००० वॅटचा रॉड घे, २३० व्होल्टचा. त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स निघतो २३० चा वर्ग भागिले १०००, म्हणजे ५२.९ ओहम. नायक्रोमची कॉइल असते, गरम झाली तरी रेझिस्टन्स फारसा बदलत नाही, म्हणून हिशोबाला हा रॉड बल्बपेक्षा बरा. आता या कॉइलला कुठल्याही एका क्षणी जेवढं व्होल्टेज मिळतंय त्या क्षणी तिची पॉवर किती? व्होल्टेज गुणिले करंट. पण करंट म्हणजे तरी काय, तेच व्होल्टेज भागिले ५२.९. म्हणजे व्होल्टेज दोनदा आलं. एकदा ढकलणारं म्हणून आणि एकदा त्याच्यामुळे वाहणारा करंट म्हणून. वर्ग आला तो इथून, कोणी गणितवाल्याने मायनस घालवायची सोय म्हणून केलेला नाही. व्होल्टेज उलटं झालं की करंटही उलटा होतो, दोन्ही मायनसचा गुणाकार प्लस, आणि पाण्याला दोन्ही वेळेस गरमच व्हायचं असतं.

हे अंगवळणी पडावं म्हणून एक आकडा लक्षात ठेव. गावाकडे संध्याकाळी लोड वाढला आणि व्होल्टेज २३० वरून १६३ वर उतरलं तर लोकांना वाटतं गिझर तीस टक्के कमी तापवेल. तो निम्म्यावर येतो, कारण व्होल्टेजही कमी झालं आणि करंटही.

आता साइन वेव्ह. ५० हर्ट्झला अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची. तिच्यात ३० अंशांच्या अंतराने सहा वेळा थांबून व्होल्टेज बघू, ०, ३०, ६०, ९०, १२० आणि १५० अंशांवर, १८० ला पुढची अर्धी सायकल सुरू होते म्हणून तो धरायचा नाही. पीक ३२५.३ घेतलं तर व्होल्टेज येतात ०, १६२.६, २८१.७, ३२५.३, २८१.७ आणि परत १६२.६. यांचे वर्ग कर. ३२५.३ चा वर्ग १,०५,८०० धरू, बाकीचे येतात असे: ०, २६,४५०, ७९,३५०, १,०५,८००, ७९,३५०, २६,४५०. बेरीज ३,१७,४००. सहाने भाग, ५२,९००. वर्गमूळ काढ. २३०.

फक्त सहा ठिकाणी बघून उत्तर बरोबर आलं, जवळपास नाही, बरोबर. आणि ५२,९०० हे १,०५,८०० च्या नेमकं निम्मं आहे. तुझं "अर्धीच कशी" ते हेच.

का ते बघायला या सहा वर्गांच्या जोड्या लाव, प्रत्येक जोडीत ९० अंशांचं अंतर. ० अंश आणि ९० अंश: शून्य अधिक १,०५,८००. ३० आणि १२०: २६,४५० अधिक ७९,३५०, परत १,०५,८००. ६० आणि १५०: ७९,३५० अधिक २६,४५०, तेच. म्हणजे वेव्हवर कुठेही उभा राहा आणि पाव सायकल पुढच्या क्षणाशी जोडी लाव, दोघांच्या वर्गांची बेरीज कायम पीकच्या वर्गाएवढीच येणार. एक जेवढा कमी पडतो तेवढंच दुसरा भरून काढतो. दहावीपासून पाठ असलेलं हेच ते सूत्र:

```
sin²θ + cos²θ = 1
```

कोसाइन ही काही वेगळी वेव्ह नाही, साइनच ९० अंश सरकवलेली आहे. सरकवल्याने सरासरी बदलत नाही, अख्खी सायकल घेतली की दोघींच्या वर्गांची सरासरी सारखीच असणार. दोन सारख्या सरासऱ्या आणि त्यांची बेरीज एक, तर प्रत्येकीच्या वाट्याला अर्धा. सिद्धता एवढीच आहे. इंटिग्रेशनमध्ये हेच घडतं फक्त ते पडद्याआड घडतं, म्हणून तुला उत्तर मिळालं आणि पटलं नाही.

ही जोडी नुसती कागदावरची पण नाही. नायगाराला १८९५ साली जे मोठं जलविद्युत केंद्र सुरू झालं त्याची जनरेटर टू-फेज होती, दोन फेजमध्ये बरोबर ९० अंशांचं अंतर. अशा सप्लायच्या दोन फेजवर आपले दोन सारखे रॉड लावले असते (अर्थात प्रत्येक फेज आपल्या २३० ची आहे असं धरून) तर एकाची पॉवर शून्यावर असताना दुसऱ्याची पूर्ण २००० वॅट, मधल्या प्रत्येक क्षणी दोघांची मिळून २०००, ना कमी ना जास्त. दोघंही सारखे राबतात, मग प्रत्येकाची सरासरी १००० सोडून दुसरं काय असणार. आपल्या थ्री-फेजवर तीन रॉड स्टारमध्ये लावून बघ, तिथे तीन वर्गांची बेरीज कायम दीड येते, भागिले तीन, परत अर्धाच.

अजून एक चित्र डोक्यात बसव, मला स्वतःला हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलंय. रॉडची क्षणाक्षणाची पॉवर आलेखावर काढ. मुलं बहुतेक वेळा खाली टोकदार आणि वर गोल असा आकार काढतात, कारण डोळ्यासमोर रेक्टिफायरचं चित्र असतं. ते चूक आहे. साइनचा वर्ग खालीही तेवढाच गोल असतो जेवढा वर:

```
sin²θ = (1 − cos 2θ) / 2
```

म्हणजे वर्ग केल्यावरही साइनच्याच जातीची वेव्ह मिळाली, फक्त दुप्पट फ्रिक्वेन्सीची आणि उचलून वर ठेवलेली. रॉडची पॉवर १००० वॅटच्या रेषेभोवती झोके घेते, वर २००० पर्यंत, खाली शून्यापर्यंत, सेकंदाला १०० वेळा. रेषेच्या वरचा उंचवटा कापून उलटा केला की खालच्या खड्ड्यात अगदी चपखल बसतो, फट राहत नाही. म्हणून सरासरी मधोमध. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ५० ची नसते, मुख्य सूर १०० हर्ट्झचा असतो, तिथेही कोअर प्लस आणि मायनस दोन्ही वेळेस सारखाच ताणला जातो म्हणूनच.

सहा ठिकाणी बघून अचूक उत्तर का आलं तेही यातच आहे. त्या सहा ठिकाणी cos 2θ च्या किमती वर्तुळावर सारख्या अंतराने पसरतात आणि एकमेकींना मारून टाकतात, उरतो नुसता अर्धा.

आता तुझा पहिला प्रश्न, मायनस काढून साधी सरासरी. ती काढता येते, चुकीची नाही, फक्त ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. पीकच्या २/π पट येते, ३२५.३ ला २०७ व्होल्ट. हे २०७ घेऊन रॉडची पॉवर काढलीस तर ८१० वॅट येईल. आणि रॉड तर १००० देतोय. १० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला १००० वॅटला साधारण साडेचोवीस मिनिटं लागतात, ८१० वॅट असते तर तीस लागली असती. बादली खोटं बोलत नाही.

हा फरक कुठून येतो ते लहान आकड्यांवर बघ. समज व्होल्टेज अर्धा वेळ १०० आहे आणि अर्धा वेळ ३००. सरासरी २००, तिचा वर्ग ४०,०००. पण आधी वर्ग केले तर १०,००० आणि ९०,०००, सरासरी ५०,०००, मूळ काढलं की २२३.६. आधी सरासरी काढली की उंच क्षणांनी जी जास्तीची उष्णता दिली ती हिशोबातून गळून पडते. १०० चा वर्ग २०० च्या वर्गापेक्षा जेवढा कमी पडतो त्याहून ३०० चा वर्ग जास्त भर घालतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी वर्ग, मग सरासरी, शेवटी मूळ. मूळ का, तर परत व्होल्टमध्ये यायचं असतं म्हणून. आणि मिळालेल्या आकड्याचा अर्थ एवढाच की या एसीच्या जागी २३० व्होल्ट डीसी लावलं असतं तर बादली तेवढ्याच वेळात तापली असती.

हे तीनही टप्पे स्वतःहून करणारं एक यंत्र तू लॅबमध्ये बघितलेलं आहेस. जुन्या पॅनलवरचा मूव्हिंग आयर्न अमीटर. त्याची स्केल नीट बघ, सुरुवातीचे आकडे एकमेकांना चिकटलेले असतात आणि पुढे जाऊन मोकळे होतात. त्याचं कारण असं की आतल्या लोखंडाच्या दोन पट्ट्या एकाच कॉइलमुळे मॅग्नेट होतात आणि एकमेकींना ढकलतात, जोर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. हा झाला वर्ग. काटा जड आहे, सेकंदाला १०० धक्के आले तरी तो त्यांच्यामागे धावू शकत नाही, मधोमध स्थिर राहतो. ही सरासरी. आणि स्केल छापणाऱ्याने आकडे असे विषम अंतरावर छापले की वाचताना थेट अँपिअर कळावेत, ते वर्गमूळ. याउलट मूव्हिंग कॉइलचं मीटर थेट एसीवर लाव, काटा शून्यावर थरथरत बसेल, कारण तिथे जोर करंटच्या वर्गावर नाही, नुसत्या करंटवर असतो आणि प्लस मायनसची सरासरी शून्य.

पीक विसरायचं नाही, हे मात्र मला जरा ठासून सांगायचंय. उष्णतेला २३० लागतात पण इन्सुलेशन, डायोड आणि कपॅसिटरला ३२५ दिसतात. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने पॉवर सप्लाय दुरुस्त करताना ब्रिजच्या पुढचा फुगलेला कपॅसिटर काढला आणि त्याच मायक्रोफॅरडचा पण २५० व्होल्टचा बसवला, सप्लाय २३० चा आहे तर २५० पुरेल असा त्याचा विचार. ब्रिजच्या पुढचा कपॅसिटर आरएमएसवर थांबत नाही, तो पीकपर्यंत चार्ज होतो, दोन डायोडचा दीड-दोन व्होल्ट ड्रॉप सोडला तर ३२३. चालू केल्यावर थोड्याच वेळात त्याचं डोकं उघडलं आणि अख्ख्या बेंचवर इलेक्ट्रोलाइटचा वास पसरला. सुदैवाने मुलगा वाकून बघत नव्हता. तिथे ४०० व्होल्टचा कपॅसिटर असतो तो याचसाठी, कारण सप्लाय २५० झाला की पीक ३५३ होतं. आणि सप्लाय बंद केल्यावरही तो चार्ज धरून बसतो, हात लावण्याआधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून मीटरने बघून घ्यायचं.

आता शेवटची आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. हा अर्धा फक्त साइनचा आहे. चौकोनी वेव्हला वर्गाची सरासरी पीकच्या वर्गाएवढी पूर्ण येते, त्रिकोणीला एक तृतीयांश. रूट दोनने भागणं हा काही एसीचा कायदा नाही, त्या एका आकाराचा आहे. आणि बरीच स्वस्त डिजिटल मीटर हा आकार गृहीत धरून चालतात. ती आत वर्ग करतच नाहीत. ती मायनस काढून साधी सरासरी घेतात, म्हणजे तू म्हणतोयस तेच, आणि १.११ ने गुणून आकडा दाखवतात, कारण साइनसाठी २३० भागिले २०७ बरोबर १.११ येतं. घरच्या सप्लायवर हे चालून जातं. आकार बदलला की घात.

तुझा तोच १००० वॅटचा रॉड एका हेवी डिमरवर लावला असं समज (पंख्याच्या रेग्युलेटरवर लावू नकोस, त्याची तेवढी ताकद नसते, तो जळेल). डिमर ९० अंशांवर ठेवलाय, म्हणजे प्रत्येक अर्ध्या सायकलमधला पहिला अर्धा भाग बंद, पीकपासून पुढे चालू. पॉवरचा आलेख पीकच्या दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे उष्णता बरोबर निम्मी, ५०० वॅट. खरं आरएमएस ५०० गुणिले ५२.९ चं मूळ, १६२.६ व्होल्ट. आता स्वस्त मीटर काय करेल? मायनस काढलेली सरासरीही निम्मी झाली, २०७ ची १०३.५. ती १.११ ने गुणणार आणि स्क्रीनवर ११५ दाखवणार. शेजारी ट्रू आरएमएस मीटर लावलं तर ते १६३ च्या आसपास दाखवेल. दोन चांगली चालू मीटर, एकच रॉड, आणि फरक जवळजवळ पन्नास व्होल्टचा. मुलं म्हणतात सर एक मीटर बिघडलंय. कुठलंच बिघडलेलं नाही, एकाने साइन समजून हिशोब केला.

इथे अजून एक चूक होते. निम्मा वेळ बंद म्हणजे निम्मी उष्णता हे बघून पोरं समजतात की एक तृतीयांश वेळ बंद ठेवला तर उष्णता एक तृतीयांश कमी. डिमर ६० अंशांवर ठेवलास तर १८० पैकी ६० अंश बंद राहतात, पण उष्णता फक्त वीस टक्क्यांच्या आसपास घटते, रॉड ८०० वॅटवर चालतो. सुरुवातीच्या ६० अंशांत व्होल्टेज अजून चढतच असतं, त्याचा वर्ग तर अजूनच लहान, त्या भागात मुळात फारशी उष्णता नसतेच. वर्गाची सरासरी अर्धी येते ती अख्ख्या सायकलवर, अर्ध्या सायकलवर, किंवा शून्यापासून पीकपर्यंतच्या पाव भागावर. मधेच कुठेतरी तोडलं तर ती जोडी फुटते. पहिल्या ६० अंशांपुरती सरासरी काढून बघ, ०.५ नाही, ०.२९ येईल.

तुझ्याकडे ट्रू आरएमएस मीटर नसेल तर कोण खरं ते बादलीलाच विचार. डिमर ९० अंशांवर, १० लिटर पाणी, साधा थर्मामीटर. स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात ना हात घालायचा ना थर्मामीटर, दर दहा मिनिटांनी बंद कर, ढवळ, वाच, परत चालू कर, आणि चालू असलेलीच मिनिटं मोज. ११५ व्होल्ट खरे असते तर रॉड २५० वॅटचा झाला असता आणि २५ वरून ६० अंशांवर जायला ९८ मिनिटं लागली असती, १६३ खरे असतील तर ४९. बादली उघडी असते, उष्णता बाहेरही जाते, त्यामुळे थोडी जास्तच लागतील, पण आकडा ४९ च्या बाजूचा आहे की ९८ च्या हे पहिल्या वीस मिनिटांतच कळतं: ५०० वॅटला तोपर्यंत पाणी चौदा अंशांच्या आसपास चढलेलं असतं, २५० ला सात.